पीएच.डी.ची मौखिकी: बाहेरच्या रेफरींची तारीख कशी जुळवली?

अबोली
माझी मौखिकी यंदा मार्चमध्ये झाली. प्रबंध लिहिताना विचारायला माणसं होती, पण रिपोर्ट आल्यापासून मौखिकीपर्यंत कोणी काय करायचं असतं, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून तुमची तारीख कशी ठरली, रेफरी कसे आले, प्रतींचं काय झालं, ते तपशिलात लिहा. आधी माझं सांगते.

प्रबंध ऑगस्टमध्ये जमा केला. पहिला रिपोर्ट ऑक्टोबरमध्ये आला, दुसरा १५ जानेवारीला. बाहेरच्या दोन्ही परीक्षकांचे रिपोर्ट अनुकूल आल्याशिवाय मौखिकी लागत नाही. दोघांपैकी हैदराबादच्या मॅडम येणार हे विद्यापीठाकडून सरांना कळलं, मग सरांनीच त्यांना फोन केला. एक तारीख त्यांच्या परीक्षांत गेली, दुसरीला आमचे विभागप्रमुख बाहेरगावी. २४ जानेवारीला ७ मार्च ठरली. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ते केव्हाच सुरू झालं होतं. मॅडमनी त्याच संध्याकाळी मिळेल ते तिकीट काढलं.

आम्हाला वाटलं, झालं काम. पण विद्यापीठाचं पत्र निघालंच नव्हतं, आणि त्या पत्राशिवाय मॅडमना स्वतःच्या विद्यापीठात कर्तव्यरजेचा अर्ज करता येईना. पत्र २० फेब्रुवारीला निघालं. पुढे टीए बिलावर हरकत आली की तिकीट पत्राच्या आधीचं कसं. सरांनी तारीख पक्की केल्याचा ईमेल २४ जानेवारीलाच पाठवला होता, तो जोडल्यावर बिल सुटलं. तो नसता तर मॅडमच्या पदरचे पैसे गेले असते, आणि मला त्यांना तोंड दाखवायला जड गेलं असतं.

वाटसरू
मी एका विद्यापीठाच्या प्रबंध विभागात बावीस वर्षं होतो. बाईंच्या बाबतीत जे झालं ते नेहमीच होतं. गाईड आणि रेफरी फोनवर तारीख ठरवतात, पण आमच्या टेबलावर गाईडचं सहीचं पत्र येत नाही तोवर आमच्या लेखी तारीख नसतेच. ते पत्र आलं की टिपणी वर जाते, मंजुरी येते, मग रेफरींचं पत्र आणि मौखिकीची सूचना निघते. मौखिकी खुली असल्यामुळे सूचना आधी लागावीच लागते. एखादी सही आठवडाभर राहिली तर सगळंच तेवढं पुढे जातं. म्हणून गाईडचं पत्र त्याच दिवशी आवक करून घ्या आणि आवक क्रमांक लिहून ठेवा. "माझी फाईल कुठे आहे" असं विचारलं तर शोधायला वेळ लागतो. क्रमांक सांगितला की कोणत्या टेबलावर आहे ते लगेच कळतं. विमानाने येणार असतील तर मंजुरी तिकिटाआधी घ्या, नंतर मागितली की बहुधा रेल्वेच्या भाड्याइतकंच मिळतं.

गुलमोहर
पण एवढा प्रवास हवाच कशाला? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मौखिकी ऑनलाइन घेता येते असं स्पष्ट आहे, आणि प्रबंध जमा केल्यापासून सहा महिन्यांत निकालासकट सगळं संपवायचं आहे. सरळ अर्ज करा, विद्यापीठाला नाही म्हणता येणार नाही.

वाटसरू
नियमात दोन्ही गोष्टी आहेत हे खरं. पण ऑनलाइन घेता येईल असं आहे, विद्यार्थ्याने मागितली की द्यावी असं नाही. विद्यापीठ स्वतःच्या नियमांप्रमाणे ठरवतं. अर्ज गाईडमार्फत जाऊ द्या आणि कारण रेफरींचं असू द्या, तब्येत किंवा लांबचा प्रवास. त्याला मान मिळतो.

सातासमुद्रापार
मी इंग्लंडमध्ये पीएच.डी. केली. इथे खुली मौखिकी नसते. एका खोलीत मी, विद्यापीठातले एक परीक्षक आणि बाहेरचे एक. गाईड माझ्या संमतीने बसू शकले असते, पण बोलायचं नाही. दोन-अडीच तास पान उलटून प्रश्न. अबोली, तुमच्याकडे गाईड स्वतः परीक्षक असतात का?

अबोली
हो, गाईड आणि बाहेरचे किमान एक परीक्षक मिळून मौखिकी घेतात.

तळ्याकाठी
माझी गोष्ट प्रतींची. विषय मराठी, प्रबंध श्रीलिपीत टाइप केलेला. शोधगंगासाठी युनिकोडमधली फाईल लागेल म्हणून ऑपरेटरने मजकूर बदलून दिला. फॉन्ट बदलला, ओळी सरकल्या, आणि २८४ पानांचा प्रबंध पीडीएफमध्ये २९७ पानांचा झाला. छापील प्रती जुन्या फाईलच्या, रेफरींना ईमेलने गेली ती नवी. रिपोर्टात "पृ. १९२ वरील विधानाला आधार नाही" असं होतं. माझ्या प्रतीत १९२ वर कोष्टक. मी दोन दिवस ते विधान शोधत होते. मौखिकीच्या आदल्या रात्री दोन्ही फाईली शेजारी उघडल्या तेव्हा उलगडलं, आणि मी पानांची जुळणी करून एक कागद बनवला. रेफरींनी छापील प्रत घरी ठेवली होती, पीडीएफ लॅपटॉपवर आणली होती. तो कागद नसता तर मी प्रत्येक प्रश्नाला चाचपडले असते. छापायला द्यायच्या आधी पीडीएफ बनवा आणि तीच छापा. जोडाक्षरं तुटली नाहीत ना, ते परिशिष्टापर्यंत बघा. माझ्या सूचीत दोन ठिकाणी 'र्‍य'चा चौकोन झाला होता.

कोकणकडा
मी सगळ्या प्रती आधीच काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांत बांधल्या. मौखिकीत एका नकाशाचं प्रमाण चुकलेलं निघालं. शुद्धिपत्र चिकटवून भागलं, पण विद्यापीठ चालवून घेत असेल तर परीक्षणाच्या प्रती साध्या बांधणीच्या द्या.

पारिजात
मी रेफरींना स्वतःच फोन केला होता, कधी याल म्हणून. छान बोलल्या, काही बिघडलं नाही.

वाटसरू
ताई, तुमचं निभावलं. पण रिपोर्ट यायच्या आधी असा फोन गेला आणि कोणी तक्रार केली तर त्या परीक्षकाचं मूल्यमापन अडचणीत येतं. रिपोर्ट आल्यावरही बोलणं गाईडनीच करावं.

नांगरट
खर्चाचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे गेस्ट हाऊस भरलेलं होतं. गाईड म्हणाले, हॉटेल तू बघ. दोन रात्रींचं हॉटेल, स्टेशनवरून गाडी, विभागातल्या पंचवीस जणांचं जेवण. माझी फेलोशिप तेव्हा संपली होती, बायकोच्या पगारातून दिले. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, कारण सही त्यांचीच.

अबोली
वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे सरांनी तारीख ठरली त्याच दिवशी गेस्ट हाऊसचा अर्ज दिला होता.

कोकणकडा
चहा-बिस्किटं विद्यार्थ्याने दिली तर मला गैर वाटत नाही. जेवण आणि हॉटेल मात्र नको.

नांगरट
कुठे थांबायचं हे विद्यार्थी ठरवत नाही ना, तीच अडचण आहे.

ओंजळ
माझा दुसरा रिपोर्ट नऊ महिने झाले तरी आलेला नाही. प्रत पोहोचल्याची पोच विभागाकडे आहे. तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवा म्हणावं, तर गाईड म्हणतात अजून थांबू.

वाटसरू
दोन स्मरणपत्रं गेली असतील तर त्यांच्या तारखा विचारा. परीक्षकांच्या यादीत पुढचं नाव असतं, त्याच्याकडे पाठवता येतं. पण निर्णय विभागाचा नाही, वरचा आहे.

ओंजळ
एकच गेलं आहे, ते मेमध्ये. उद्या जाऊन दुसरं काढायला सांगते.