शब्दचर्चा : ‘भारित सरासरी’, ‘भारांकित सरासरी’ आणि ‘साधी सरासरी’

सांजवात : एका अहवालाचं भाषांतर करते आहे. त्यात जिल्ह्यांच्या दरांच्या दोन सरासऱ्या आहेत. एकीत सगळ्या जिल्ह्यांचे दर मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागलंय, दुसरीत लोकसंख्येचा विचार केलाय. दुसरीला ‘भारित’ म्हणू की ‘भारांकित’? आणि पहिलीला नुसतं ‘सरासरी’ म्हटलं तर चालेल का?

सह्यकडा : ‘भारित’ म्हणा, सुटसुटीत आहे. ‘भारांकित’ ऐकलं की गुणांकन, श्रेयांकन आठवतं. पहिलीला मात्र नुसतं ‘सरासरी’ म्हणू नका, वाचक ती राज्याची सरासरी समजेल. दर जिल्ह्यांचे असले की लोकसंख्येचा भार दिलेली सरासरी हीच खरी.

दूधवाला_वाळवा : दर म्हणजे भाव ना? आमच्या संकलन केंद्रावर हे रोजचंच आहे. म्हशीचं 10 लिटर दूध 7 फॅटचं आणि गाईचं 30 लिटर 3.5 फॅटचं एका कॅनमध्ये ओतलं, तर फॅट सव्वापाच लागत नाही, 4.4 च्या आसपास लागते. सव्वापाच धरून हिशेब केला तर केंद्र बुडालं म्हणून समजा.

सांजवात : दादा, इथे दर म्हणजे भाव नाही, हजारामागे किती ते प्रमाण. पण कॅनचं उदाहरण अगदी चपखल आहे.

खडूफळा : त्याच कॅनने पुढे जाऊ, कारण सह्यकडा अर्धंच बरोबर सांगत आहेत. भार लोकसंख्येचाच असतो असं नाही. 2011 च्या जनगणनेतले दोन जिल्हे घ्या. मुंबई शहरात हजार पुरुषांमागे 832 स्त्रिया, रत्नागिरीत 1122. साधी सरासरी 977.

आता माणसं मोजू. मुंबई शहरात 16.85 लाख पुरुष आणि 14.01 लाख स्त्रिया, रत्नागिरीत 7.61 लाख पुरुष आणि 8.54 लाख स्त्रिया. दोन्ही जिल्हे एका कॅनमध्ये ओतले तर 24.46 लाख पुरुषांमागे 22.55 लाख स्त्रिया होतात. म्हणजे हजारामागे 922. साध्या सरासरीपेक्षा तब्बल 55 ने कमी.

सह्यकडा : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. मुंबईचा भार जास्त, म्हणून आकडा खाली आला.

खडूफळा : एकदा करून बघा. लोकसंख्या 30.85 लाख आणि 16.15 लाख. हे भार लावले की 932 येतात, 922 नाही. दहाचा फरक कुठून आला? रत्नागिरीच्या लोकसंख्येत स्त्रियाच जास्त, म्हणून एकूण लोकसंख्येचा भार लावला की तो जिल्हा उगीच जड होतो. भार पुरुषसंख्येचा द्या, बरोबर 922 येतात.

उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण ‘हजार पुरुषांमागे’ म्हणतो. ज्याच्या ‘मागे’ मोजलं, भार त्याचाच. बालमृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे असतो, म्हणून तिथे जन्मांचा भार. साक्षरतेत सात वर्षं आणि त्यावरील वयाची लोकसंख्या. दर हजार लोकसंख्येमागे असेल, तेव्हाच एकूण लोकसंख्येचा भार चालतो. सांजवात, तुमच्या अहवालातला दर कशामागे आहे तेवढं आधी पाहा.

सह्यकडा : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

कातळशिल्प : तरीही साध्या सरासरीला सरसकट चूक ठरवू नका. राज्यातल्या माणसांची स्थिती विचारायची असेल तर ती निरुपयोगी. पण प्रत्येक जिल्ह्याला एक कार्यालय, एक पथक असेल आणि ‘जिल्हे कसं काम करतायत’ हा प्रश्न असेल, तर सिंधुदुर्गाला पुण्याइतकंच मत द्यायला काय हरकत आहे? जिल्हा हाच एकक.

खडूफळा : त्या प्रश्नापुरतं मान्य. पण एक अडचण राहतेच. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. एकही माणूस हलला नाही, तरी एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, भाजक 35 चा 36 झाला आणि साधी सरासरी सरकली. भार नीट दिलेली सरासरी जागची हलणार नाही. म्हणून 2014 च्या आधीच्या आणि नंतरच्या साध्या सरासऱ्या शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ असं कुणी लिहिलं, की मी आधी जिल्हे मोजतो.

कातळशिल्प : मग विभाजनाआधीच्या हद्दी धरून दोन्ही वर्षांचे आकडे काढावेत. त्यासाठी साधी सरासरी टाकून द्यायला मी तयार नाही.

सांजवात : पाहिलं. दर हजार जिवंत जन्मांमागे आहे आणि भार मात्र एकूण लोकसंख्येचा दिलाय! म्हणजे ‘लोकसंख्या-भारित’ हे भाषांतर बरोबर आहे, पण जन्मदर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा असल्याने आकडा राज्याच्या खऱ्या दराशी जुळेलच असं नाही. लेखकाला आजच कळवते. पहिलीला ‘जिल्ह्यांची साधी सरासरी’ लिहिते आहे.

दूधवाला_वाळवा : आणि दुसरीला ‘एकत्रित दर’ का नको? कॅनमधल्या दुधाला आम्ही भारित-बिरित काही म्हणत नाही.

सह्यकडा : ‘एकत्रित दर’ म्हटलं तर भार चुकीचा दिलेल्या आकड्यालाही ते नाव चिकटेल. मी ‘भारित’वरच ठाम आहे.

खडूफळा : मला दादांचा शब्द आवडला. भार बरोबर असेल तेव्हाच तो वापरायचा, एवढीच अट.