मदत हवी आहे: रात्रीचा प्रवाह जास्त, पण गळती सापडत नाही

झोनवाला: साधारण १२०० नळजोडण्यांचा एक डीएमए, म्हणजे हद्द बंद करून इनलेटला मीटर लावलेला झोन आहे, २४ तास पुरवठा. इनलेटच्या बल्क मीटरवर रात्री २ ते ४ मध्ये ताशी १६ घनमीटर प्रवाह दिसतो. घरगुती वापर धरला तरी २-३ च्या वर जायला नको. स्टेप टेस्टमध्ये लांबच्या टोकापासून एकेक व्हॉल्व्ह बंद करत आलो. तिसऱ्या टप्प्याला प्रवाह एकदम ५ ने उतरला, बाकीच्यांत मिळून ५. सगळे टप्पे बंद, तरी मीटर ६ दाखवतोच! हे ६ जातात कुठे?

कानाडोळा: सरळ आहे, मीटर आणि शेवटचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मोठी गळती. पाइपवरच्या आवाजावरून गळतीची जागा काढणारा कोरिलेटर लावा, खड्डा मारा.

गृहिणी२: आमच्याही मीटरचा काटा रात्री फिरतो. टाकीचा फ्लोट खराब निघाला. तुमचंही तेच नसेल ना?

जुना_व्हॉल्व्हमन: ताई, त्यांचा मीटर अख्ख्या झोनचा आहे. पण टाक्यांचा मुद्दा खरा आहे. झोनवाला, आलेख बघा. टाक्या भरत असतील तर प्रवाह पहाटेपर्यंत हळूहळू उतरतो, गळतीची रेघ सपाट राहते.

कानाडोळा म्हणतात ती एक शक्यता झाली. दुसरी, शेवटचा टप्पा-व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. तिसरी, त्या तुकड्यावरचा हद्दीचा व्हॉल्व्ह पाणी शेजारच्या झोनमध्ये सोडत असेल. मग गळती नसलेल्या जागी खोदत बसाल. आधी झिरो प्रेशर टेस्ट करा. टप्पे उघडे ठेवून रात्री इनलेट बंद करा, लाइन रिकामी करायचा वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून दाब पाडा, मग तो बंद करा. शेजारी पुरवठा चालू असेल आणि गेज पुन्हा वर चढला, तर पाणी हद्दीवरून आत येतंय. मग प्रत्येक हद्दीच्या व्हॉल्व्हच्या स्पिंडलला रॉड लावून ऐका. बंद व्हॉल्व्हमधून सूं-सूं आली की तोच.

झोनवाला: आलेख सपाटच आहे. काल टेस्ट केली. दाब शून्यावर आला आणि वॉशआउट बंद केल्यावर थोड्या वेळात ९ मीटरवर जाऊन थांबला. हद्दीचे चार व्हॉल्व्ह आहेत. तिघांना आवाज नाही, चौथा डांबराखाली गेलाय.

कानाडोळा: म्हणजे तोच. माझा खड्डा वाचला.

जुना_व्हॉल्व्हमन: घाई नको. नकाशावर नसलेली एखादी जुनी जोडलाईनही असू शकते, ती मी पाहिली आहे. डांबर फोडून चौथा तपासा. तो पक्का बसवूनही दाब चढला, तर शोध चालूच ठेवावा लागेल. आणि हद्द बंद झाली की मीटर पुन्हा वाचा, तेव्हाच त्या ६ मधली खरी गळती किती ते कळेल. तिसऱ्या टप्प्यातले ५ मात्र बहुधा खरेच. पाइप कुठला आहे?

झोनवाला: पीव्हीसी. रॉडने काहीच ऐकू आलं नाही.

जुना_व्हॉल्व्हमन: प्लास्टिकमध्ये आवाज लांब जात नाही. जवळजवळच्या जोडण्यांवर ऐका, नाहीतर पाइपातल्या पाण्यातूनच आवाज पकडणारा हायड्रोफोन मिळवा.

झोनवाला: आमच्याकडे हायड्रोफोन नाही. भाड्याने वापरलाय का कुणी?