मदत हवी आहे: समानतेची जागा पूर्णांकावर न येणारी उदाहरणं

नमस्कार मंडळी. फोंड्यात रविवारी सातवी-आठवीच्या सहा मुलांना ऑलिंपियाडचं गणित शिकवते. त्यांच्यासाठी संख्या-सिद्धांत आणि असमानता एकत्र आणणारा सरावसंच करत्येय.

अडचण एकच आहे. n नैसर्गिक असताना n + 50/n ची किमान किंमत विचारली. मुलांनी अंकगणिती-भूमिती मध्याची असमानता लावून 2√50 लिहिलं आणि थांबली. पण ती किंमत n = √50 ला मिळते, आणि √50 पूर्णांक नाही! खरं उत्तर n = 7 ला, 99/7.

एका मुलीने 7 आणि 8 तपासून बरोबर उत्तर दिलं, पण बाकीचे n का नाहीत हे तिला सांगता येईना. मग वजाबाकी करून दाखवली:

n + 50/n − 99/7 = (n − 7)(7n − 50)/(7n)

7 आणि 50/7 यांच्यामध्ये पूर्णांकच नाही, म्हणून गुणाकार कधी ऋण होत नाही. हे मुलांना फार आवडलं.

अशी अजून उदाहरणं कुणाकडे आहेत का? विशेषतः दोन चलांची, जिथे विभाज्यतेमुळे समानता हुकते. कलनशास्त्र नको. आणि अशी उदाहरणं साध्या असमानतांच्या आधी द्यावीत की नंतर?