रातांबा, भिरंड, कुडंपुळी: पाटीवर नाव कोणतं लिहायचं?

कुडाळची_लेक: वाडीतल्या शाळेमागच्या झाडांना पाट्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथे गुहागरकडे रातांबा म्हणतात. माझं माहेर कुडाळचं, आम्ही भिरंड म्हणतो. त्यात मुंबईच्या शेजारीणबाई त्रिशूरच्या. त्यांनी कुडंपुळी दिली नि म्हणाल्या, "हेच तुमचं कोकम." सोलकढीला वापरली तर कढी मळकट तपकिरी झाली आणि धुराचा वास आला तो वेगळाच. ही सगळी एकाच झाडाची नावं आहेत का? आणि पाटीवर काय लिहू? लॅटिन नाव लिहिलं तर वाचणार कोण?

खाडीकाठ: रातांबा लिहा आणि मोकळ्या व्हा. गुहागरातलं झाड, गुहागरातली पोरं. त्यांना गार्सिनिया की काय ते शिकवून करायचंय काय? आजीनं "रातांबे काढून आण" म्हटल्यावर ते झाड सापडलं म्हणजे झालं. लॅटिन नाव हा बोटॅनिकल गार्डनचा सोस आहे. सोलकढीचं म्हणाल तर शेजारणीनं जुना माल खपवला असणार.

पोथीतला_किडा: लॅटिन म्हणून इतकं परकं समजू नका. गार्सिनिया हे नाव गोव्यावरूनच आलंय. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं आणि त्यात कोकमाचा उल्लेख आहे. त्याच्याच नावावरून गार्सिनिया. म्हणजे पाटीवर लॅटिन लिहिलंत तरी कोकणचाच माणूस तिथे आहे.

पिंपळपारी: संस्कृत नाव घ्या, वाद मिटेल. वृक्षाम्ल. अख्ख्या देशात चालेल आणि कुणाच्या भाषेवर अन्यायही नाही.

फांदी_आणि_कागद: तीस वर्षं कोकणात फांद्या गोळा करून ओळखीसाठी कागदात दाबून वाळवल्या, त्या बळावर लिहितो. आधी कढीचं बघू, कारण उत्तर तिथेच आहे.

तुमचा माल जुना नव्हता, झाडच दुसरं होतं. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. फळ गोल, गुळगुळीत, पिकल्यावर लालजांभळं. आपण साल उन्हात वाळवतो आणि गराच्या रसाचे पुट देत जातो, म्हणून आमसूल पाण्यात टाकलं की लाल रंग सुटतो. कुडंपुळी म्हणजे गार्सिनिया गमी-गट्टा. हिचं फळ छोट्या भोपळ्यासारखं खोल खाचांचं, पिकल्यावर पिवळसर. साल वाळवून धुरावर धरतात, म्हणून ती काळी होते आणि तिला तुम्हाला आला तो वास असतो. सख्खी भावंडं आहेत, आंबटपणाही जवळचा, पण जाती दोन. शेजारीणबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात जे काम कुडंपुळी करते ते आपल्याकडे कोकम करतं, इतकंच त्यांनी सांगितलं.

घोळ होतो तो इथेच. आपण एका भाषेतलं नाव दुसऱ्या भाषेतल्या नावाला जोडतो. आमच्या कामात नाव नावाला जोडायचंच नाही, नाव फांदीला जोडायचं.

एक उदाहरण सांगतो. गुहागरजवळच एका घरी मे महिन्यात गेलो होतो. म्हातारी झाडाकडे बोट करून म्हणाली रातांबा. मुलगी गच्चीवरच्या वाळवणाकडे बघत म्हणाली आमसूल. सून मालवणकडची, ती म्हणाली आमच्याकडे भिरंड आणि वाळलेल्याला सोलं. मिठातल्या रसाची बरणी होती, तो आगळ. पाच मिनिटांत चार-पाच नावं. मी त्या झाडाची एक फांदी काढली, वहीत तिला नंबर दिला, आणि ही सगळी नावं त्या एका नंबराखाली लिहिली: कोण म्हणालं, कुठलं माणूस, झाडाच्या कोणत्या भागाला म्हणालं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमसूल हे रातांब्याचं दुसरं नाव नव्हेच, ते सालीचं नाव आहे. यादीत मात्र सगळी नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसतात आणि पुढचा माणूस आमसुलाचं झाड शोधत फिरतो.

पुढे कारवारकडे उतरलो तर मुरुगलु ऐकलं, मंगळूरकडे तुळूत पुनर्पुळि. तिथेही फांदी घेतली, वेगळे नंबर दिले. मग सगळे कागद एका टेबलावर मांडून पानं, फुलं, फळाचा छेद ताडून बघितला. जात एकच निघाली, तेव्हा कुठे रातांबा आणि मुरुगलु यांची गाठ बसली, आणि तीही फांदीच्या मार्फत. कुडंपुळीचा कागद मात्र बाजूला पडला.

मीही यात तोंडघशी पडलोय. एका जुन्या यादीत कुडंपुळीचं तमिळ नाव कोडुक्कापुळी असं होतं. तमिळनाडूच्या बाजारात तेच नाव घेऊन विचारलं, तर बाईनं विलायती चिंचेच्या वेटोळ्या शेंगा हातात ठेवल्या. तिचंही बरोबर होतं, तिकडे त्या चिंचेलाच तसं म्हणतात. 'पुळी' म्हणजे आंबट, आणि आंबट झाडं काय कमी आहेत?

याच कारणानं वृक्षाम्लही उपयोगाचं नाही. अर्थ काय, तर झाडाचं आंबट. आपले वैद्य त्याचं कोकम करतात, केरळात कुडंपुळी दाखवतात. शब्द संस्कृत असला म्हणून फांदी ठरत नाही.

भरडातली_वहिनी: आमच्याकडे बारा वर्षांचं रातांब्याचं झाड आहे. फुलतं, पण एक फळ धरत नाही. शेणखत, मीठ, सगळं घालून झालं. सासरे म्हणतात हे रातांब्याचं नाहीच, रानटी कायतरी आहे, तोडून टाक. काय करू?

खाडीकाठ: वहिनी, इथे नावाची चर्चा चाललीय, खताची नाही.

फांदी_आणि_कागद: चुकीच्या जागी नाही विचारलं त्यांनी. वहिनी, बहुतेक ते नर झाड आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून वाढवलेल्यांत कितीतरी झाडं नर निघतात आणि फुलेपर्यंत कळत नाही. तोडू नका, आसपासच्या मादी झाडांना त्याचा उपयोग असतो. फळं हवी असतील तर दापोलीच्या विद्यापीठानं काढलेल्या कोकण अमृता किंवा कोकण हातिसचं कलम लावा. कलम मादी झाडाचं असतं, तिथे जुगार नाही.

आता नावाशी संबंध. सासऱ्यांनी एकाच जातीच्या नराला दुसरं झाड ठरवलं. वनस्पतीवालेही हे करून बसलेत. म्हणून नुसत्या पानांच्या फांदीवर नाव ठरवायचं नसतं. फूल हवं, शक्य असेल तर फळही, आणि कागदावर नर की मादी ते लिहिलेलं हवं. रंगही जागेवरच वहीत टिपायचा. दाबलेलं कोकम महिन्याभरात तपकिरी पडतं, मग लाल की पिवळं याचा पुरावा उरत नाही.

खाडीकाठ: हे सगळं मान्य. पण तुमचं शास्त्रीय नाव तरी कुठे टिकतं? वजन कमी करायच्या गोळ्यांच्या डबीवर गार्सिनिया कॅम्बोजिया लिहिलेलं असतं. ते कुठलं तिसरं झाड? आमच्या आजीचा रातांबा शंभर वर्षं रातांबाच आहे.

फांदी_आणि_कागद: तिसरं नाही, ती कुडंपुळीच. नाव बदललं, व्यापाऱ्यांनी जुनंच धरून ठेवलं. तुमचा टोमणा खरा आहे, पण बदल मनाला येईल तसा होत नाही. जातीला सगळ्यात आधी रीतसर मिळालेलं नाव टिकवायचं, असा नियम आहे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं 1754 साली कुडंपुळीला गमी-गट्टा म्हटलं होतं. ते आधीचं, म्हणून तेच उभं राहिलं. गंमत म्हणजे ते नाव चुकीच्या समजुतीवर आहे. गमी-गट्टा म्हणजे गॅम्बोज नावाचा पिवळा रंग देणारा डिंक, आणि तो येतो सयामकडच्या एका भाईबंदापासून. चूक कळली तरी नाव बदललं नाही. नावानं झाडाचं वर्णन केलंच पाहिजे असं नाही, ते एका ठराविक झाडाला बांधलेलं असलं की पुरे.

आणि किड्याला सांगायचं राहिलं. गार्सिनिया हे नाव गार्सियावरून नाही, लोरां गार्सां नावाच्या दुसऱ्याच निसर्गअभ्यासकावरून आहे. लिनियसनं दिलंय. पण ओर्ताच्या पुस्तकाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यानं फळाला ब्रिंदोंइस लिहिलंय, म्हणजे आपलं भिरंडच पोर्तुगीज तोंडातलं. पुढे थुआर नावाच्या फ्रेंच माणसानं त्यावरून ब्रिंडोनिया इंडिका असं शास्त्रीय नाव केलं. 1824 मध्ये श्वाझीनं ती जात गार्सिनियात हलवली. इंडिका तेवढं राहिलं, ब्रिंडोनिया मागे पडलं. रॉक्सबर्गनं याच झाडाला पर्पुरिया म्हटलं होतं, तेही आता नुसतं समानार्थी नाव म्हणून कागदावर आहे. म्हणजे कुडाळचं भिरंड काही काळ खरोखरच लॅटिन नाव होतं.

पोथीतला_किडा: गार्सां मान्य, माझं चुकलं. पण मग हेही सांगा की 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या झाडांवरच्या जुन्या ग्रंथात चित्रांवर मलयाळम, अरबी आणि नागरी लिपीतली नावं शेजारी शेजारी आहेत. 1678 च्या पहिल्याच खंडात कोडमपुळी आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचं 1675 चं नागरी प्रमाणपत्रही. तेव्हा चित्र एक आणि नावं अनेक हे चाललं, मग आज शाळेच्या पाटीवर का नाही?

फांदी_आणि_कागद: चालेल की. तिथे चित्र होतं म्हणून चाललं. शाळेत तर झाडच उभं आहे. भीती कोरड्या यादीची आहे, पाटीची नाही.

खाडीकाठ: पाच नावांची पाटी म्हणजे रेशनकार्ड. मी अजूनही एकाच नावाच्या बाजूनं.

कुडाळची_लेक: दोन वाट्यांत पाणी घेऊन दोन्हींचे तुकडे टाकले. एक लालभडक, दुसरं चहासारखं. शेजारीणबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अगं, ही लाल तर माझ्या कासरगोडच्या जावेकडची पुनंपुळी! इतकी वर्षं त्यांना वाटत होतं दोन्ही एकच.

पाटीवर मोठ्या अक्षरात रातांबा, खाली बारीक भिरंड आणि गार्सिनिया इंडिका, असं करतेय. खाडीकाठ, भिरंड खोडायला मी स्वतः तरी येणार नाही. पण शाळेमागे दोन झाडं आहेत आणि एकाला कधी फळ बघितल्याचं कुणाला आठवत नाही. दोन्हींना एकच पाटी लावू ना?

फांदी_आणि_कागद: आत्ता लावू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलं असतात, तेव्हा दोन्हींची एकेक फुललेली फांदी काढा. मधल्या काळात दुसऱ्याला नुसता नंबर द्या.

भरडातली_वहिनी: मग माझ्याही झाडाला नंबर द्या. सासऱ्यांनी कोयता काढलाय.