प्रतिसाद: पास कुठपर्यंतचा काढावा?

> सोमवारपासून डोंबिवली ते दादर नोकरी. लोकलने कधीच गेले नाहीये. पास कुठपर्यंतचा काढू? लेडीज डब्यात कसं जमवायचं?

पास दादरचा नको, सीएसएमटीपर्यंतचा काढ. संध्याकाळी दादरला डोंबिवलीच्या गाडीत शिरणं हाच खरा पेच असतो, म्हणून बऱ्याच जणी उलट्या दिशेने सीएसएमटीला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. दादरच्या पासावर हे केलंस आणि टीसी भेटला, तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड. सकाळी सीटसाठी कल्याणला जाऊन यायचा मोह होईल, पण डोंबिवलीचा पास तिथे चालत नाही. मी पहिल्याच महिन्यात हा दंड भरलाय. सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासच्या लेडीज डब्यात चढू नकोस. फलाटावर ते डबे शेजारीशेजारी येतात, घाईत चूक होते.

लेडीज डब्यात चढलीस की बसलेल्यांना विचारायचं, "कुठे उतरणार?" कोणी "ठाणे" म्हणाली की ती सीट तुझी, मात्र आधी कोणी विचारलेलं नाही ना एवढं बघ. ते मोडलंस तर अख्खा डबा ऐकवेल! तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, त्याला ‘चौथी सीट’ म्हणतात, आणि "जरा सरका" म्हणायला लाजू नकोस. गर्दीत सॅक पाठीवर नाही, पुढे.

उतरायचं दादरला, तर फास्ट गाडीत कुर्ला यायच्या आधीच उठ. दाराशी उभ्या असलेल्यांना "दादर का?" विचारत सरकायचं. "हो" म्हणणारीच्या मागे उभी राहा, "नाही" म्हणणारी तुला पुढे घेते.