शब्दचर्चा : ‘ताळे पट्टी’ म्हणजे ताळेबंद नव्हे का? आणि फरकाच्या खात्याला नाव काय द्यायचं?

जांबोटीची लेखनिक

नमस्कार. मी बेळगावात एका घाऊक किराणा दुकानात हिशेब लिहिते. आमच्या मालकांना अजून बांधीव वहीच लागते, त्यामुळे खतावणी हातानेच होते. ३१ मार्चची खाती बंद केल्यावर करसल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला, ‘ताळे पट्टी कळिसि’. मी रात्री जागून ताळेबंद तयार केला आणि पाठवला. त्यांनी तो तसाच परत केला. त्यांना हवी होती ती तेरीज!

म्हणून पहिला प्रश्न : ताळे पट्टी आणि ताळेबंद यांत ‘ताळा’ एकच ना? मग अर्थ वेगळे कसे?

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. तेरीज केली तर नावे बाजूची बेरीज ६,८४,१५० आली आणि जमा बाजूची ६,८६,५००. फरक २,३५०. आधीचे लेखनिक असा फरक ‘अनामत खाते’ नावाने लावत असत, म्हणून मीही नावे बाजूला ‘अनामत खाते २,३५०’ लिहिलं. त्यावर ऑफिसातल्या मुलाने विचारलं, ही अनामत कुणाकडे ठेवली आहे, पावती द्या. मी काय सांगणार? हा शब्द चुकलाय का?

शहापूरची शिक्षिका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या अनुभवातलं आहे, कारण माझ्या वर्गात दोन्ही भाषांतली मुलं असतात. कन्नडमध्ये ‘ताळे’ म्हणजे जुळणं, मेळ बसणं. दोन बाजू जुळतात का ते बघायची पट्टी म्हणून तेरजेला ताळे पट्टी. आणि आपण ज्याला ताळेबंद म्हणतो त्याला ते ‘अढावे पत्रिके’ म्हणतात. त्यात आपलाच ‘आढावा’ ऐकू येतो. म्हणजे ताळा तिकडे तेरजेला गेला आणि आढावा ताळेबंदाला. सीमाभागात हिशेब लिहिणाऱ्याने हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवावं.

दुसऱ्या शब्दाचीही गंमत नाही, खरी अडचण आहे. मूळ शब्द ‘अमानत’. मराठीत म आणि न यांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झालं आणि अर्थ राहिला ठेव. कन्नडमध्ये ‘अमानतु’ म्हणजे निलंबित. तिथल्या वर्तमानपत्रात अधिकारी अमानतु झाला असं येतं ते त्याला कामावरून दूर केलं या अर्थाने. तुमच्या आधीच्या लेखनिकांनी कन्नड अर्थ मनात धरून मराठी शब्द लिहिला असावा असं मला वाटतं. वाचणाऱ्याने तो मराठीत वाचला आणि पावती मागितली.

चिकोडीचा टॅलीवाला

ताई, एवढा त्रास कशाला? टॅलीत टाका. नावे आणि जमा जुळल्याशिवाय व्हाउचर सेव्हच होत नाही, त्यामुळे फरक येण्याचा प्रश्नच नाही. आणि तेरीज जुळली की हिशेब बरोबर.

निपाणीचे निवृत्त सचिव

टॅलीवाल्या भाऊंचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पुढची दोन नाहीत. जुन्या वहीतल्या शिलका टॅलीत चढवताना एखादी चुकली की `Difference in opening balances` अशी ओळ तिथेही उभी राहते. आमच्या सहकारी संस्थेत वह्या बंद करून कंप्युटर आणला त्या वर्षी ती ओळ मी तीन महिने बघत होतो.

आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं कृपा करून कुणी शिकवू नका. हुक्केरीच्या गिऱ्हाइकाचे पैसे त्याच आडनावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा झाले तर तेरीज जुळतेच. एखादं खरेदीचं बिल कुठेच लिहिलं नाही तरीही जुळते. दोन्ही बाजूंना सारखी चूक असेल तर तेरजेला ती दिसत नाही. तिला दिसते फक्त एका बाजूची चूक.

आता ताईंचा शब्द. आम्ही ‘उचंत खाते’ लिहायचो, पण कशासाठी ते बघा. बँकेत कुणीतरी पैसे भरलेत, कुणी ते कळत नाही. तेव्हा बँक खाते नावे, उचंत जमा. पैसे खरे आहेत, दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत, फक्त मालक सापडायचा आहे. तुमचे २,३५० तसे नाहीत. हे पैसे कुठे आलेही नाहीत आणि गेलेही नाहीत. तेरीज सारखी दिसावी म्हणून एकाच बाजूला लिहिलेला तो आकडा आहे, त्याला जोडीदार नोंद नाही. म्हणून मी दोन्हींना एक नाव देणार नाही. परीक्षेच्या पुस्तकात ‘निलंबन खाते’ म्हणतात, ते चालेल.

फरक शोधताना आधी दोन गोष्टी करून बघा. २,३५० चा निम्मा १,१७५. एवढी रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे का, खाती चाळून बघा. मग नवाने भागून बघा. आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला नवाने पूर्ण भाग जातो.

जांबोटीची लेखनिक

काका, दोन्ही करून बघितलं. १,१७५ ची नोंद कुठेच नाही. नवाने भाग दिला तर २६१ येऊन एक उरतो. म्हणजे अदलाबदल झालेली नाही, बरोबर?

निपाणीचे निवृत्त सचिव

नाही, तसं म्हणता येत नाही. एकच चूक असेल तरच या युक्त्या चालतात. दोन चुका असतील आणि एक वाढवणारी, दुसरी कमी करणारी असेल तर तुम्हाला दिसतो तो त्यांचा उरलेला फरक, आणि तो नवाच्या पाढ्यात बसेलच असं नाही. याच कारणाने लहान फरक ‘जाऊ दे’ म्हणून किरकोळ खर्चात टाकू नये. पन्नास रुपयांच्या फरकामागे पाच हजारांच्या दोन चुका असू शकतात.

आता उलट्या दिशेने चला. आधी तेरजेच्या दोन्ही बेरजा पुन्हा करा. मग प्रत्येक खात्याची शिल्लक तेरजेत त्याच आकड्याने आणि त्याच बाजूला आली आहे का ते बघा. मग शिल्लक काढताना वजाबाकी चुकली का. हे सगळं बरोबर निघालं तरच खतावणीतली एकेक नोंद मूळ वहीशी लावा. तपासलेल्या नोंदीवर पेन्सिलीने खूण करा. शेवटी ज्यांच्यावर खूण नाही त्यांच्यातच चूक असते.

खानापूरचे गुरुजी

निलंबन खात्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या मेव्हण्याचं निलंबन चार महिने चाललं होतं. त्या काळात त्याला अर्धा पगार मिळाला. उरलेला अर्धा ऑफिस याच खात्यात ठेवतं का? आणि तो परत कधी मिळतो?

शहापूरची शिक्षिका

गुरुजी, इथे माणसाचं निलंबन नाही, आकड्याचं आहे. मेव्हण्यांना मिळाला तो निर्वाह भत्ता, त्याचा या खात्याशी संबंध नाही. पण तुमच्या प्रश्नाने एक दाखवून दिलं, ‘निलंबन’ हा शब्दही वाटतो तेवढा स्वच्छ नाही. साधं ‘फरक खाते’ का म्हणू नये?

जांबोटीची लेखनिक

सापडलं! दोन संध्याकाळी गेल्या, पण दोन्ही चुका हाताला लागल्या.

पहिली माझ्याच गावाकडच्या दुकानदाराच्या खात्यात. त्याला उधारीवर गुळाच्या ढेपा दिल्या होत्या, बिल ७,४६० चं. विक्रीच्या वहीत ७,४६० आहे, विक्री खात्याला गेलेली बेरीजही बरोबर आहे. त्याच्या खात्यात मात्र मी ४,७६० नावे लिहिलेत. हे कसं झालं तेही आठवलं. त्या दिवशी दुकानातला मुलगा बिलं कन्नडमध्ये वाचून दाखवत होता आणि मी मनात मराठी करत लिहीत होते. सात आणि चार जागा बदलून बसले. नावे बाजू २,७०० ने कमी. याला नवाने पूर्ण भाग जातो, काका!

दुसरी चूक सूट खात्यात. आमच्याकडे दिलेली सूट आणि मिळालेली सूट एकाच ‘सूट खाते’ नावाखाली जाते. आम्ही लवकर पैसे दिले म्हणून एका व्यापाऱ्याने आम्हाला १७५ सोडले. ते जमा व्हायला हवे होते. वरच्या सगळ्या नोंदी दिलेल्या सुटीच्या, म्हणून ओळीने मीही ते नावे बाजूलाच लिहिले. व्यापाऱ्याच्या खात्यात बरोबर आहे. म्हणजे नावे बाजू ३५० ने जास्त.

२,७०० कमी आणि ३५० जास्त, उरले २,३५०. आता दुरुस्तीची नोंद कशी करू? चुकीचा आकडा खोडून वर लिहू का?

निपाणीचे निवृत्त सचिव

शाबास. खोडू नका. वही बंद केल्यावर आणि फरकाचं खातं उघडल्यावर दुरुस्ती कीर्दीतून करायची, म्हणजे पुढच्या माणसाला काय झालं ते वाचता येतं.

पहिली नोंद : जांबोटीच्या दुकानदाराचे खाते नावे २,७००, निलंबन खाते जमा २,७००. दुसरी : निलंबन खाते नावे ३५०, सूट खाते जमा ३५०. चूक १७५ ची असून ३५० का, तर १७५ चुकीची नोंद पुसायला आणि १७५ खरी नोंद लिहायला.

आता निलंबन खातं बघा. नावे बाजूला आधीचे २,३५० आणि हे ३५०, मिळून २,७००. जमा बाजूला २,७००. खातं संपलं. तेरजेत नावे बाजू ६,८४,१५० अधिक २,७०० वजा ३५०, म्हणजे ६,८६,५००. जमा बाजू तेवढीच होती. आणि दुकानदाराला नव्या शिलकेची चिठ्ठी पाठवा, तो ४,७६० च समजून बसला असेल तर वसुलीच्या वेळी वाद होईल.

चिकोडीचा टॅलीवाला

सूट खातं एकच ठेवल्याने घोळ झाला हे पटलं. माझ्याकडे ‘सूट दिली’ आणि ‘सूट मिळाली’ अशी दोन लेजर असतात. पण माझं एक गिऱ्हाईक आहे, त्याची `Difference in opening balances` ओळ कित्येक वर्षं तशीच आहे आणि जुन्या वह्या पावसात भिजून गेल्या. मूळ वहीच नसेल तर शोधायचं कुठे?

निपाणीचे निवृत्त सचिव

बँकेचे जुने उतारे आणि गिऱ्हाइकांकडच्या वह्या, एवढंच हातात राहतं. त्यातूनही नाही सापडलं तर तो फरक मालकाच्या भांडवलातून काढायचा की ताळेबंदात तसाच दाखवत राहायचा, यावर आमच्या दोन लेखापरीक्षकांचंही कधी एकमत झालं नाही. मी स्वतः दाखवत राहायच्या बाजूचा आहे.

जांबोटीची लेखनिक

तेरीज पाठवली, वर ‘तेरीज / ताळे पट्टी’ असं दोन्ही लिहून. नव्या वहीत सूट खाती वेगळी केलीत. फरकाच्या खात्याचं नाव मात्र अजून ठरत नाही. मालक म्हणतात ‘अनामत’ त्यांच्या वडलांपासून चालत आलंय, बदलू नको. ऑफिसातल्या मुलाला ‘अमानतु’ लगेच कळलं. मला ‘फरक खाते’ आवडलंय. इथल्या आणखी कुणाच्या वहीत दुसरा काही शब्द असेल तर कळवा.