भाडं दिलं घरमालकाला, मग नावे घरमालकाचं खातं का नाही?

मीनल (बी-४०२): नमस्कार. ग्रुपवर कॉमर्सवाले बरेच आहेत म्हणून विचारते. अथर्वच्या अकरावीच्या चाचणीत विश्लेषण तक्त्याचा प्रश्न होता. व्यवहार असा: "घरमालक श्री. पाटील यांना दुकानाचे भाडे ₹ १२,००० रोख दिले." कोणती दोन खाती, त्यांचं स्वरूप काय, नियम कोणता आणि नावे-जमा काय, हे लिहायचं होतं. त्याने लिहिलं:

पाटील यांचे खाते – वैयक्तिक – घेणाऱ्याच्या नावे – नावे १२,०००
रोख खाते – मालमत्ता – जे जाते ते जमा – जमा १२,०००

जमेची ओळ बरोबर दिली आहे, नावेची पूर्ण चूक. तो म्हणतो, पैसे पाटलांनीच घेतले, नियमही "घेणाऱ्याच्या नावे" असाच आहे, मग चुकलं कुठे? मलाही सांगता येईना.

देशमुख काका (ए-१०१): मीनल, नियम त्याने बरोबरच लिहिलाय. चूक त्याच्या आधीच्या पायरीत आहे. उत्तर असं हवं होतं: भाडे खाते – नामधारी – खर्च व तोटे नावे – नावे १२,०००.

क्रम लक्षात घे. आधी खाती ठरवायची, मग प्रत्येक खात्याचं स्वरूप ओळखायचं, आणि नियम लावायचा तो सगळ्यात शेवटी. "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा" हा नियम खातं वैयक्तिक आहे हे ठरल्यावर वापरायचा. खातं कोणतं घ्यायचं हे तो सांगत नाही. अथर्वने "घेणारा कोण?" असं आधी विचारलं, पाटील सापडले आणि त्यांचंच खातं काढलं. म्हणजे नियमाने खातं निवडलं.

मीनल: पण काका, खाती ठरवायची तरी कशावरून? वाक्यात पाटलांचं नाव आहे, भाडं आहे आणि रोख आहे. तिघांतली दोनच घ्यायची आहेत.

वैशाली ताई (सी-२०३): खरी मेख तिथेच आहे. अकरावीच्या मुलांना मी एकच गोष्ट विचारायला सांगते: हा व्यवहार झाल्यावर धंदा आणि त्या माणसात काही देणं-घेणं उरतं का?

पाटलांनी महिनाभर दुकान वापरायला दिलं, त्याचा मोबदला घेतला. हिशेब संपला. पाटील आपल्याला १२,००० रुपये परत देणं लागत नाहीत आणि आपणही त्यांचे काही लागत नाही. वैयक्तिक खातं कोणाकडून किती येणं आणि कोणाला किती देणं हे कळावं म्हणून असतं. उरलेलं काहीच नसेल तर ते खातं उघडायचं कारण नाही. पाटील हे नाव इथे फक्त पैसे कोणाला गेले ते सांगतं, म्हणून ते रोजकीर्दीत नोंदीखालच्या स्पष्टीकरणात जातं: "घरमालक श्री. पाटील यांना दुकानाचे भाडे रोख दिल्याबद्दल."

अथर्व (बी-४०२): ताई, मी अथर्व. पण माझी नोंद जुळत होती ना? नावे १२,००० आणि जमा १२,०००. तेरीजपत्रकही जुळलं असतं.

देशमुख काका: जुळलं असतं, आणि म्हणूनच ही चूक हातून सहज निसटते. रक्कम बरोबर, बाजूही बरोबर, फक्त खात्याचा वर्ग चुकलेला. तेरीजपत्रक नावेची आणि जमेची बेरीज सारखी आहे का एवढंच पाहतं, आपण खर्चाच्या जागी माणसाचं खातं घेतलंय हे त्याला दिसत नाही. याला तत्त्वाची चूक म्हणतात.

आता तिचा परिणाम मांडून बघ. एका दुकानदाराचा भाडं वजा करण्याआधीचा महिन्याचा नफा ₹ ४०,००० आहे असं धर. भाडं खर्चात धरलं तर नफा २८,०००. तुझ्या नोंदीने भाडे खातं उघडलंच नाही, म्हणून नफा-तोटा पत्रक ४०,००० दाखवेल. दुसरीकडे पाटलांच्या खात्यावर १२,००० ची नावे बाकी राहील आणि ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला "येणे" म्हणून बसेल. पण पाटलांकडून एक रुपयाही येणं नाही. एका चुकीच्या खात्यामुळे नफा १२,००० ने फुगला आणि नसलेली मालमत्ता दिसू लागली. ताळेबंद मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळेल.

दुरुस्तीची नोंद:
भाडे खाते … नावे १२,०००
  पाटील यांचे खाते … जमा १२,०००

यात रोख खात्याला हात लागत नाही, कारण ती बाजू पहिल्यापासून बरोबर होती. म्हणूनच तुझी जमेची ओळ ग्राह्य धरली आहे.

अथर्व: काका, मग एक सांगा. मागच्या महिन्यात सोसायटीचे हिशेब नोटीस बोर्डावर लावले होते. त्यात सिक्युरिटी एजन्सीला पैसे दिल्यावर एजन्सीच्याच खात्याला नावे टाकलं होतं. तोही खर्चच आहे ना? मग तिथे सिक्युरिटी खर्च नावे का नाही?

शिरीष दादा (खजिनदार, ए-३०४): अथर्व, छान पाहिलंस. सिक्युरिटी खर्चाची नोंद झालेली आहे, फक्त आधीच्या तारखेला. आपण बिल आल्यावर एक नोंद करतो आणि पैसे देताना दुसरी. मार्चचं बिल ३६,००० चं आहे असं समज, करकपात बाजूला ठेवू.

३१ मार्च, बिलाची नोंद:
सिक्युरिटी खर्च खाते … नावे ३६,०००
  एजन्सीचे खाते … जमा ३६,०००

७ एप्रिल, चेक दिल्याची नोंद:
एजन्सीचे खाते … नावे ३६,०००
  बँक खाते … जमा ३६,०००

टॅलीत पहिली नोंद जर्नलमध्ये, `F7` दाबून. दुसरी पेमेंटमध्ये, `F5` दाबून. ३१ मार्चला आपण एजन्सीचे ३६,००० देणं लागत होतो, म्हणून तिचं खातं उघडावं लागलं. ७ एप्रिलला ते देणं फिटलं, एजन्सीच्या खात्याची बाकी शून्य झाली. तू बोर्डावर फक्त दुसरी नोंद पाहिलीस.

वैशाली ताई: शिरीष, हे उदाहरण अगदी नेमकं आहे. अथर्व, दोन्हीतला फरक पाहा. एजन्सीच्या खात्यावर पैसे देण्याआधी जमा बाकी होती. तुझ्या प्रश्नात पाटलांच्या खात्यावर आधीची बाकी असल्याचा उल्लेखच नाही. नोटीस बोर्डावरची दुसरी नोंद पाहून "पैसे घेणाऱ्याच्या नावे" हे पक्कं झालं असेल तर साहजिक आहे, पण त्या नोंदीच्या मागे पहिली नोंद उभी आहे.

आता व्यवहार असा असता: "श्री. पाटील यांना ₹ १२,००० दिले." कशाबद्दल ते सांगितलेलंच नाही. मग पाटील यांचे खाते नावे हेच बरोबर. कारण दिलेलं नसेल तर ती रक्कम त्यांच्या खात्यापोटी दिली असं धरतात. म्हणजे "भाडे" या एका शब्दावर उत्तर बदलतं. तो शब्द वाचायचा राहिला की नावेची ओळ गेलीच.

सुहास (डी-१०२): यात अदत्त भाड्याचं काय? मुलीच्या वहीत "अदत्त भाडे – वैयक्तिक खाते" असं आहे. भाडे नामधारी आणि अदत्त भाडे वैयक्तिक, हे पाठ करण्यापलीकडे काही कळत नाही.

देशमुख काका: सुहास, वरचाच धागा पुढे न्या. ३१ मार्चला वर्ष संपलं, पण मार्चचं भाडं द्यायचं राहिलं. दुकान वापरून झालं, म्हणजे खर्च याच वर्षाचा. पाटलांचं देणं मात्र उरलं. नोंद होते: भाडे खाते नावे १२,०००, अदत्त भाडे खाते जमा १२,०००. अदत्त भाडे हे नाव खर्चासारखं वाटतं, पण त्या खात्यामागे उभे आहेत ते पाटील. ज्या माणसाला द्यायचंय त्याच्या जागी ते खातं आलंय, म्हणून त्याला प्रातिनिधिक वैयक्तिक खातं म्हणतात. उलट तीन महिन्यांचं भाडं १ मार्चला एकदम ३६,००० दिलं, तर ३१ मार्चला त्यातले २४,००० पुढच्या दोन महिन्यांचे. ते पूर्वदत्त भाडे. तेही वैयक्तिकच, फक्त इथे पाटील आपलं देणं लागतात, दुकान वापरू देण्याच्या रूपाने.

आणि यातच दुसरा सापळा आहे. ५ एप्रिलला मार्चचं ते अदत्त भाडं दिलं तर नावे कोणतं खातं?

अथर्व: भाडे… नाही, थांबा. भाडे मार्चमध्येच नावे झालंय. मग अदत्त भाडे नावे, रोख जमा.

देशमुख काका: बरोबर. इथे भाडे खाते नावे केलं तर मार्चचं भाडं दोन्ही वर्षांच्या खर्चात जाईल, आणि अदत्त भाड्याची १२,००० ची बाकी फिटूनही ताळेबंदात तशीच राहील.

शिरीष दादा: प्रत्यक्षात काही ठिकाणी १ एप्रिललाच उलट नोंद करतात: अदत्त भाडे नावे, भाडे जमा. मग ५ तारखेला पैसे देताना नेहमीसारखं भाडे खाते नावे केलं तरी नवीन वर्षात भाड्याचा परिणाम शून्य होतो. पण परीक्षेत उलट नोंद केल्याचं सांगितलं नसेल तर अदत्त भाडेच नावे लिहायचं.

मीनल: आता उलगडलं. अथर्व विचारतोय, भाड्याऐवजी अनामत असती तर? "दुकानासाठी पाटील यांना ₹ ५०,००० अनामत दिली."

वैशाली ताई: तेव्हा उत्तर उलट. अनामत परत मिळणार आहे, म्हणजे देणं-घेणं उरलं. खर्च झालेलाच नाही. दुकान अनामत खाते नावे ५०,००० आणि रोख खाते जमा. हे खर्चात टाकलं तर नफा ५०,००० ने कमी दिसेल, म्हणजे अथर्वच्या चुकीची दुसरी बाजू.

नवीन पद्धतीने सोडवलं तरी हेच येतं. तिथे मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च असे पाच वर्ग असतात. मालमत्ता वाढली की नावे, खर्च वाढला की नावे. भाड्यात खर्च वाढला, अनामतीत मालमत्ता वाढली. पाटलांना पैसे दोन्हीकडे मिळाले, पण फक्त मिळाले यावरून वर्ग ठरत नाही.

सुहास: आणि खरेदीत? "शहा यांच्याकडून माल खरेदी ₹ ८,०००." मुलगी इथे कधी शहांचं खातं घेते, कधी रोख.

वैशाली ताई: "रोख" किंवा "चेकने" असा शब्द नसेल आणि माणसाचं नाव असेल, तर व्यवहार उधारीचा धरतात. खरेदी खाते नावे, शहा यांचे खाते जमा, कारण ८,००० देणं उरलं. वाक्यात "रोखीने" असेल तर खरेदी नावे, रोख जमा, आणि शहा स्पष्टीकरणात. तिला सांगा, वाक्यातल्या नावाखाली रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं: "बाकी उरते का?" हो असेल तर नाव खात्यात, नाही तर स्पष्टीकरणात.

अथर्व: म्हणजे "लिपिक जोशी यांना पगार ₹ ९,००० दिला" यात पगार खाते नावे. आणि "जोशी यांना पगारापोटी आगाऊ ₹ ३,००० दिले" यात?

देशमुख काका: तूच सांग. बाकी उरते का?

अथर्व: उरते. काम अजून झालेलं नाही. मग आगाऊ पगार खाते नावे, वैयक्तिक.

देशमुख काका: हो. आणि महिनाअखेर ९,००० चा पगार देताना रोख फक्त ६,००० जातील. पगार खाते नावे ९,०००, आगाऊ पगार जमा ३,०००, रोख जमा ६,०००. तीन खाती येतात तेव्हा मुलं पगार ६,००० च लिहितात. तेवढं सांभाळ.